वाजणारी मोटर

थ्री फेजची लाईन कवा येणार ते लाईनमनला बी बराबर म्हाईत नसतं. आमच्या गावात ते सांगायची कचरूनानाची मोटर. जुना मोनोब्लॉक पंप, विहिरीच्या काठावर सागाच्या ओंडक्यावर बसवलेला. बेरिंग गेलेलं. लाईन आली की आधी घरघर करायची आन मंग डुक्कर दाबल्यावानी अशी वरडायची, की कुंभार पिंपळगावच्या बाजाराला निघालेला माणूस फाट्यावरून मागं वळून पाह्यचा. स्टार्टरला ऑटो लावलेला, म्हून नाना घरी निजलेला असला तरी मोटर आपली आपण चालू.

गावविहीर तिथून हाकेच्या अंतरावर. मधी एक गाडरस्ता आन बोरीची झाडं. बायकायचं पाणी भरणं त्या मोटरीवर चालायचं. मोटर वरडली का विहिरीवर एकच गलका.

"ए बेबीनंदा, जल्दी वढ गं! नानाची मोटर बोलली. आता उतरतंय पाणी."

आन पाणी उतरायचंच. त्यात खोटं न्हाई. सकाळी विहिरीतल्या कोनाड्यापोत असलेलं पाणी, मोटर बोलली का कोनाड्याखालून सरकायचं. दुपारपोत खालच्या काळ्या दगडापोत जायचं आन बादली घासायला लागायची. हे रोज डोळ्यानं दिसायचं, रोज कानानं ऐकू यायचं. मंग त्यात इचार करण्यासारखं काय राह्यलं?

औंदा पाऊस मधीच गुंडाळला. ओढा दिवाळीलाच उघडा पडला. होळी झाल्यावर गावविहिरीवरची नळाची मोटर पाणी सोडून हवा धराय लागली, टाकी बंद, आन बायका पुन्हा दोरखंडावर आल्या. हाताला घट्टे पडले. बेबीनंदाच्या तळहाताची कातडी सोलून निघाली तर तिनं चिंधी बांधली, आन चिंधीसकट वढून राह्यली. घरात सासू खाटेवर पडलेली, तिचं धुणं रोजचं. दोन हंडे कमी पडले तर त्या घरात वास सुटायचा.

कचरूनानाची बाग मोसंबीची. आंबे बहार, म्हंजी थंडी सरतानाचा फुलोरा, धरलेला, फळं लिंबाएवढी झालेली. ह्या टायमाला मोसंबीला पाणी तोडलं तर आधी फळ गळतं, मंग पान गळतं, आन मंग झाड. नानाची बायको मालनबाई त्या झाडायच्या आळ्यात उसाचं पाचट अंथरून अंथरून वाकडी झालेली. ल्योक भारत जालन्यात कंपनीत, सून वंदना इथंच. घर चालायचं बागेवर, बाकीची कमाई वरखर्चापुरती.

त्यायच्या विहिरीत तरी काय व्हतं? मोटर अर्धा घंटा वरडायची आन हवा धरायची. नाना जाऊन बंद करायचा. मंग दिवसभर थेंब थेंब साचायचं, आन दुसऱ्या दिशी पुन्हा अर्धा घंटा. एका दिशी एक वळ भिजायची. नाना ठिबकच्या नळ्या हातानं उचलून ह्या वळीतून त्या वळीत टाकायचा, लेकराला कुशीवर फिरवावं तसा.

सरपंच तुळजाबाई. सही त्यायची, बाकी कारभार त्यायचा पोरगा देवानंद पाह्यचा. देवानंद वाईट माणूस न्हाई. कुणाच्या मयताला, लग्नाला पुढं. त्याची जमीन ओढ्याच्या काठानं, गावविहिरीच्या बिलकुल पाठीमागं. तिथं त्यानं चार-पाच बोअर पाडलेले. दोन चालले, बाकी कोरडे. चालले त्यात सबमर्सिबल सोडलेल्या. ती मोटर पार खाली पाण्यात. वर काय दिसतं? गुडघ्याएवढा केसिंगचा पाईप, त्यावर उलटं ठिवलेलं घमेलं, आन एक काळी नळी. लाईन आली का ती बी ऑटोवर चालू व्हायची, पण आवाज म्हणशील तर मांजर निजल्याइतका. ते पाणी प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात पडायचं, आन तिथून शेडनेटमधल्या मिरचीला. बियाण्याची मिरची. गावातल्या बाया तिथं फुलं जोडायला, म्हंजी नराचा पराग मादीच्या फुलाला लावायला, रोजानं जायच्या. वंदना बी जायची.

वंदनानंच एका दिशी सासूला सांगितलं. भाकरी थापता थापता.

"आत्याबाई, त्या बोअरच्या पाइपापाशी बसून म्या डबा खाल्ला. आतून आवाज येतो."

"कसला?"

"वरून खाली पाणी पडल्यावानी. टपटप टपटप. लाईन आली की लई जोरात."

मालनबाईचा हात थांबला. "वरून? बोअरचं पाणी तर खालून येतं म्हणत्यात."

"मला काय म्हाईत. मला वरून पडतंय असं ऐकू आलं."

मालनबाई दुसऱ्या दिशी गावविहिरीवर गेली आन हंडा खाली ठिवून नुस्ती वाकून पाहत बसली. विहीर जुनी, वर मुरूम, खाली काळा पत्थर. ओढ्याकडच्या भितीला, मुरूम संपून पत्थर लागतो त्या फटीतून वल उतरायची, हिरवट शेवाळाचा पट्टा पडलेला. त्यायच्या बागेकडची भित निस्ता काळा पत्थर, एक फट न्हाई, पाल बी कोरडी ऱ्हाईल अशी. मोटर वरडली. थोड्या टायमानं शेवाळाची चमक गेली. ओढ्याकडची फट सुकाय लागली. बागेकडची भित आधी बी कोरडी, नंतर बी कोरडी.

घरी येऊन तिनं नवऱ्याला सांगितलं. नाना तंबाखू मळीत व्हता.

"तू आता इंजिनेर झाली का?"

"आवं, पण पाणी आपल्या अंगानं येतच न्हाई त्या विहिरीत. मंग आपण वढतो कसं?"

"समदं गाव म्हणतंय ते खोटं आन तू खरी?" नाना म्हणला. आन मंग हळू आवाजात, "आपली मोटर लागली का तिथलं पाणी उतरतं, मालन. म्या सोता पायलंय."

म्हंजी बघा, ज्याच्यावर आळ, त्यालाच पटलेलं. सकाळी मोटर वरडली का तो मान खाली घालायचा, आपलंच लेकरू चारचौघात शिव्या देत असल्यावानी.

अशात डीपी जळली.

उन्हाळ्यात जळतीच. समद्या मोटरी एकदम वढायला लागल्या का तेल उकळतं. फाट्याजवळची डीपी, लाईनचा ट्रान्सफॉर्मर, धडाड झाली, काळा धूर, आन शिवारातली थ्री फेज गुल. गावठाणाची डीपी न्यारी, म्हून घरातले बल्ब, पंखे चालू. गावाला अंधार झालाच न्हाई. गावाला झालं ते येवढंच, की कचरूची मोटर गप झाली.

आन गावविहिरीचं पाणी चढलं! पहिल्या दिशी कोनाडा भरला. दुसऱ्या दिशी कोनाड्याच्या वर गेलं. बायकायनी भर दुपारी हंडे भरले. बेबीनंदानं सासूचं समदं अंथरूण धुतलं, वाळू घातलं, आन केस धुवून उन्हात बसली. म्हणली, "अगं माय, कितीक दिवसानं डोकं हलकं झालं."

नवी डीपी बसायच्या आतच ग्रामसभा आली.

समाजमंदिरात सतरंजी टाकलेली. बायका एका अंगाला, गडी एका अंगाला, पंखा मधी करकर करून राह्यलेला. तुळजाबाई खुर्चीवर, पदर डोक्यावरून, हात मांडीवर. बाजूला देवानंद. ग्रामसेवक भाऊसाहेब तालुक्यावरून गाडीवर आल्ते, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला, त्यायला अजून दुसऱ्या गावची सभा करायची.

भाऊसाहेबांनी उभं राहून सांगितलं, "दोन इषय हायत. एक, टँकरचा ठराव. आज घेतला तर उद्या पंचायत समितीत जाईल, मंग तहसीलचं पथक विहीर पाहील, टँकर चालू व्हईल. दोन, कायद्यात असं हाय की गावच्या पिण्याच्या विहिरीपासून पाचशे मीटरच्या आतले जे जे बोअर, विहिरी असतील, त्यांचा उपसा टंचाईत बंद करता येतो. समद्यांचा. सभेनं मागणी करायची, आपून वर पाठवायची."

समद्यांचा म्हणल्यावर सतरंजीवर चुळबूळ झाली. पण हरकत कुणी घेतली न्हाई. देवानंद बी मान हलवत व्हता. म्हणला, "गावाच्या पाण्यापुढं मिरची मोठी न्हाई. घ्या लिहून." खरंच म्हणला तो. त्या घडीला ठराव झाल्यातच जमा व्हता. भाऊसाहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात बद्रीनाथआप्पा खाकरले. आप्पा पाणाडी. हातावर नारळ ठिवून पाणी सांगायचे. गावविहीर त्यायच्या बापानं दाखवलेली, कचरूची त्यायनी सोता.

"समद्यांच्या मोटरी बंद करून काय व्हणार हाय?" आप्पा म्हणले. "चोर एक, आन मार समद्या आळीला? बोअरचं पाणी पाताळातलं असतं, तीनशे फुटाच्या खालचं. त्याचा आन विहिरीचा काय संबंध? विहिरीची शीर म्या सांगतो. ती कचरूच्या विहिरीतून निघून गावविहिरीत येती. एकच शीर हाय. नारळ माझ्या हातावर उभा राह्यल्ता."

"आवं आप्पा," मागून कुणीतरी वरडलं, "नारळ कशाला? डीपी जळाली तवा पायलं न्हाई का समद्यांनी? मोटर बंद, विहीर भरली!"

आन मंग एकच दंगा. हाव हाव, पायलं, आमी बी पायलं. बायका बी बोलाय लागल्या. जो तो आपल्या डोळ्याची साक्ष देऊन राह्यलेला.

मालनबाई उठली. पदर खोचला.

"डीपी काय आमच्या एकल्याची जळाली का?" ती म्हणली. "शिवारातली समद्यांचीच लाईन गेल्ती. आमची बंद झाली तशी समद्यांची बंद झाली. मंग पाणी कुणाच्या बंद झाल्यानं चढलं?"

सतरंजीवर दोघं-तिघं एकमेकाकडं पाहाय लागले. म्या म्हणतो, त्या येवढ्याशा घडीत गावाचं नशीब व्हतं. कुणी एकानं जरी म्हणलं असतं का, बाई बराबर बोलती, तर पुढचं समदं न्यारं झालं असतं.

"बाकी कुणाची मोटर वाजती का गं?" एक म्हातारी बोलली. आन समदे हसले.

"वाजत न्हाई म्हंजी चालत न्हाई का?" मालनबाई चिडली. "आमची मोटर अर्ध्या घंट्यात हवा धरती. बंद करतो आमी. विहीर मंग दिवसभर कामून उतरती? आन ओढ्याकडच्या भितीतून पाणी येतं तिच्यात, आमच्या अंगानं कोरडा पत्थर हाय. जाऊन बघा ना."

"पाणी दिसतं तिथून येत नसतं पोरी," आप्पा म्हणले. "आन एकदा वढ लागली का दिवसभर लागती. हे तुला न्हाई कळायचं."

"मंग येवढं तरी करा. नवी डीपी बसली, लाईन आली, का एक दिवस आमची मोटर बंद ठिवा, बाकीच्या चालू द्या. आन पाहा उतरतं का न्हाई."

"बघा! एक दिवस बंद ठिवायला तयार हाय," देवानंद म्हणला. रागानं न्हाई, समजुतीनं. "म्हंजी वहिनीला बी मनातून म्हाईत हाय. मालनवहिनी, कुणी तुमचं वाईट करून राह्यलं न्हाई. पण लेकरं तहानली हायत."

मालनबाईनं तोंड उघडलं. "तुमच्या बोअरमधी वरून पाणी पडल्याचा…"

मागून पदराला हिसका बसला. वंदना. तिचे डोळे खाली, पण पदर मुठीत घट्ट. शेडनेटचा रोज चालू व्हता. अजून महिनाभर मिरचीला फुलं येणार व्हती. आन मोसंबीचं काय व्हईल ते कुणाला म्हाईत? मालनबाईनं एकदा सुनेकडं पायलं आन वाक्य तसंच गिळलं.

"बेबीनंदा, तू सांग," कुणीतरी म्हणलं. "तू रोज असती विहिरीवर."

बेबीनंदा आन मालनबाईचं माहेर एक. वटी भरायला, कुरडया घालायला एकमेकीकडं. ती उठली, चिंधी बांधलेला हात दुसऱ्या हातात धरला.

"मावशी, राग नगं मानू," ती म्हणली. "पण मोटर बोलली का पाणी जातं. आन मोटर बंद व्हती तवा म्या केस धुतले. खोटं कसं बोलू?"

ती खोटं बोललीच न्हाई. तिथं कुणीच खोटं बोललं न्हाई.

समदे नानाकडं पाहाय लागले. नाना दारापाशी चपलांच्या ढिगाजवळ बसल्ता. उठला. टोपी काढली, पुन्हा घातली.

"असंल," तो म्हणला. "असंल बाबा. माझ्या मोटरीनं व्हत असंल तर बंद करा."

"आवं!" मालनबाई वरडली.

"गप बस," नाना तिच्याकडं न पाहता म्हणला. "कवर ऐकायचं?"

झालं. भाऊसाहेबांनी घड्याळात पायलं. पाचशे मीटरचा इषय म्हणले तर देवानंदच म्हणला, "आता त्याची काय गरज राह्यली? खाली-पिली समद्यांचं नुकसान." टँकरचा निघाला तर दोघं-तिघं म्हणले, विहीर कोनाड्याच्या वर भरलीय, पथक आलं तर हसंल, वर गावाचं नाव खराब. नाना मोटर बंद करतोच हाय. पाणी येतंच हाय. तुळजाबाईनं येवढ्या टायमात एकदाच तोंड उघडलं, "टँकरचं राहू द्या का मंग लिहून?" तर पोरगा म्हणला, "पुढच्या सभेला पाहू." टोपण पेनाला लागलं.

दुसऱ्या दिशी नाना बागेत गेला, स्टार्टरच्या पेटीतले फ्यूजचे किटकॅट काढले, तिन्ही, आन टोपीत घालून पंचायतीत नेऊन दिले. देवानंदनं ते कपाटात ठिवले. म्हणला, "चहा घ्या नाना." नानानं घेतला. बशीत वतून, फुंकून, सावकाश पेला. काय करंल?

नवी डीपी बसली.

लाईन आली. पण ती आली हे गावाला कळलंच न्हाई. सांगणारी मोटर गप. विहिरीवर बायका निवांत गप्पा मारीत व्हत्या, हंडे वळीत लावलेले. बेबीनंदानं बादली सोडली तर दोर सरला आन बादली अधांतरी राह्यली. तिनं वाकून पायलं. कोनाडा कोरडा. त्याच्या खालचा शेवाळाचा पट्टा सुकून पांढरा पडाय लागलेला. काळ्या दगडावर तळाशी मळकं पाणी, हातभर, आन तिच्या डोळ्यादेखत ते बी सरकून राह्यलेलं. कसला म्हून आवाज न्हाई.

"अगं," ती म्हणली, "मोटर तर न्हाई वाजली."

दुसऱ्या दिशी तसंच. तिसऱ्या दिशी तसंच. लोकायनी इचार केला. बराबर इचार केला, आन त्यातून येवढंच निघालं का कचऱ्यानं सबमर्सिबल टाकली. न वाजणारी. गावाला फसवलं. किटकॅट दिले ते नुस्तं दाखवायला.

चार-सहा जणं नानाच्या विहिरीवर आले. दोराला गळ बांधून विहिरीत फिरवला. गळाला मोसंबीची वाळकी फांदी आन एक फाटकी चप्पल लागली. मोटर न्हाई, नळी न्हाई, वायर न्हाई. नाना बाजूला उभा, हात मागं बांधून, पोलिसानं घराची झडती घ्यावी तसा. मागं बाग. पानं द्रोणावानी वळलेली, आळ्यात गळलेल्या फळांचा खच, चालताना पायाखाली गोटे आल्यावानी व्हायचं.

पण विहिरीत पाणी व्हतं. उपसा बंद झाल्यापून थेंब थेंब साचलेलं, चांगलं पुरुषभर, हिरवं, थिर. गावविहिरीच्या तळाला चिखल, आन हितं पुरुषभर पाणी.

मालनबाई पुढं आली. तिचा आवाज आनंदानंच चढला म्हणा ना. "पायलं? एकच शीर असती तर तुमच्या संगं आमची बी आटली असती का न्हाई? गावविहीर कोरडी झाली, आमची भरली. आता तरी कळलं का? न्यारं पाणी हाय हे!"

आप्पा काठीवर रेलून पाण्याकडं पाहत राह्यले. मंग म्हणले, "म्हंजी इथं अडून बसलंय. पुढं जाऊन राह्यलं न्हाई."

"हाव," दुसरा म्हणला. "ह्यायनी मोटर बंद केली, पण पाणी आपल्यात दाबून ठिवलं. म्हून गावात येईना."

मालनबाई त्यायच्याकडं पाहत उभी राह्यली. तिचा हात हवेत वर झालेला तो तसाच खाली आला. त्या दिवसापून चारचौघात ती बोलतच न्हाई, म्या तरी ऐकली न्हाई.

त्याच दिशी गावातून डिझेल इंजिन आणलं, पाईप जोडून गाडरस्त्यावरून गावविहिरीत सोडला, आन नानाची विहीर उपसली. अडलेलं पाणी मोकळं करायला. नानानंच इंजिनाला हँडल मारलं, दुसऱ्यांना ते चालू व्हईना म्हून. सांजच्याला त्यायच्या विहिरीचा तळ उघडा पडला. गावविहीर कोनाड्याजवळ आली. राती बायका खुश. सकाळी लाईन आली असंल, कारण दुपारपोत ते समदं ओढ्याकडच्या फटीतून झिरपून कुठं गेलं कुणाला कळलं न्हाई. पाठीमागच्या शेततळ्यात तेवढं पाणी वर चढलं. ते पाहायला तिकडं कोण जातंय? तारेचं कुंपण हाय.

मंग टँकरसाठी पंचायत समितीत गेले तर साहेब म्हणला ठराव आणा. ठरावाला सभा पायजे. सभेला भाऊसाहेब पायजेत, तर ते आजारी रजेवर. टँकर आला तो ज्येष्ठ लागल्यावर. तवर बेबीनंदाची सासू गेल्ती. उन्हानं म्हणा, वयानं म्हणा. अंघोळीपुरतं पाणी देवानंदनं शेततळ्यातून पाठवलं. म्या सांगितलं ना, मयताला तो पुढं असतो.

बाग नानानं तोडली. वाळकं लाकूड तीर्थपुरीच्या हाटेलवाल्याला गेलं, कढईखाली घालायला. मोसंबीचं लाकूड लई जळतं म्हणतो तो, धूर कमी. वंदना अजून फुलं जोडायला जाती. डबा मात्र आता बोअरजवळ बसून खात न्हाई, लांब लिंबाखाली खाती.

मोनोब्लॉक तिथंच ओंडक्यावर हाय, गंजून राह्यला. परवा मालनबाई रिकामा हंडा घेऊन गावविहिरीवर वळीत उभी व्हती. बेबीनंदानं दोर हातात धरला आन नेहमीच्या सवयीनं बोरीपल्याडच्या मोटरीकडं कान दिला.

"मावशी," ती म्हणली, "लाईन आली असंल का गं?"

मालनबाईनं विहिरीत पायलं. शेवाळाचा पट्टा वरून खाली सुकत चालल्ता.

"वढ जल्दी," ती म्हणली.